मला नको, त्याला हवी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझी ताई थापा मारणाऱ्यातली नाही. उलट कुणी भुताचं नाव काढलं, की त्याची टर उडवणारी.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. भाड्याच्या नव्या घरातली मागची खोली.

उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणं, हे ताईचं काम. तिची लेक ठमी तेव्हा अडीच वर्षांची. ठमीला रोज एकच गोष्ट लागायची, खारीच्या बुटाची. दिवसातून दहा वेळा. भावजी पार वैतागले होते.

"अगं, मला आता आमटीतही खार दिसते!"

"अहो, तिला दर वेळी त्यात थोडं नवं सापडतं," ताई हसून सांगायची. "आधी नुसती चित्रं, मग शब्द. मग पुढे काय येणार ते आधीच कळतं, आणि अंदाज खरा ठरला की बाईसाहेब खूश! मग वाक्यातला शेवटचा शब्द स्वतः म्हणायचा. आपण एक शब्द बदलला, तर डोळे वटारायचे. एकदा गोष्ट पुरती मुठीत आली, की सोडेल बघा."

आणि ठमीनं खरंच सोडली. आठवडाभर ती अस्वलाच्या गोष्टीमागे लागली होती.

त्या मंगळवारी मात्र ती खारीचं पुस्तक घेऊन आली.

"पुन्हा."

ताई वाचू लागली. ठमी पाठ फिरवून गाडी खेळत बसली.

"ऐकत नाहीस, मग हवी कशाला गं?"

"मला नको. त्याला हवी."

ताईला गंमत वाटली. कामावर मुलांसोबत करते तसंच तिनं केलं. वाक्य अर्धं सोडलं आणि थांबली.

"खारीचा बूट पडला..."

ठमी गाडीच फिरवत राहिली.

कपाटामागून आवाज आला...

"पा... न्या... त."

उच्चार अगदी नवशिक्या जिभेचा. ताई रोज ऐकते तसा. पण आवाज मोठ्या माणसाचा होता.

घाबरून थांबावं, तर तो पुन्हा बोलेल. म्हणून ती वाचत राहिली. भीतीनं शब्द चुकला.

"हिरवा बूट..."

कपाट धाडकन हादरलं.

"लाल!"

या वेळी उच्चार स्वच्छ होता.

ताई ठमीला उचलून अनवाणीच रस्त्यावर आली. रात्रीपर्यंत घर रिकामं केलं. त्या कपाटामागे फक्त भिंत होती, भावजींनी स्वतः पाहिलं.

आता ठमी ठणठणीत आहे. ताई मात्र नाही.

ती कामावर जाते, पण मुलांसमोर तिला वाक्य अर्धं सोडता येत नाही. एका आईनं विचारलंसुद्धा, "तुम्ही माझ्या मुलाला बोलूच का देत नाही?"

ताई परवा माझ्याजवळ रडली.

"मी थांबले, आणि ते मूल बोलायच्या आधी दुसरंच कुणी बोललं तर?"