अर्धी ओळ पुढच्याची, अर्धी मागच्याची

चष्म्याच्या दुकानाचं शटर तिने अर्धं वर ढकललं होतं, तेवढ्यात एक माणूस त्याखालून वाकून आत शिरला. गुडघा खरचटलेला, पायात सायकलस्वाराची घट्ट, तोकडी काळी तुमान, आणि हातात चष्मा... म्हणजे चष्म्याचं जे काही उरलं होतं ते.

"दुकान दहाला उघडतं," ती म्हणाली.

"मी साडेपाचलाच पडलोय. तेव्हापासून दहाचीच वाट बघतोय."

तिला हसू आलं. पहिल्या भेटीत हसू येऊ द्यायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने दांडी वाकवली, स्क्रू पिळला, काच पुसली. तो मात्र काउंटरवरच्या पुठ्ठ्याकडे डोळे बारीक करून बघत होता. पुठ्ठ्यावर तिच्याच अक्षरात होतं: धूसर दिसतं? आत या. लख्ख दिसलं? दाद द्या.

"हे कुणी लिहिलं?"

"का, चुकलंय?"

"चुकलं असतं तर चष्म्याशिवाय वाचता आलं असतं का?" तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंत ना? मग माझं एक काम आहे तुमच्याकडे."

तो सायकल क्लबचा कप्तान होता. दोन महिन्यांनी क्लबची रॅली होती, पहाटे सहाला, साठ सायकली, दोन-दोनच्या रांगेत. दरवर्षी अध्यक्ष स्वतःची सोळा ओळींची कविता वाचायचे आणि तिसऱ्या रांगेपलीकडे कुणाला ओ की ठो कळायचं नाही. यंदा कप्तानाला अशी कविता हवी होती, जी सायकल चालवता चालवता म्हणता येईल. विषय दोनच, लवकर उठणं आणि मोकळा रस्ता.

"दोन्हींशी माझा संबंध नाही," ती म्हणाली. पण काम घेतलं. का घेतलं, हे विचारण्यात अर्थ नाही. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला होता, आणि सगळ्यात आधी तिच्याकडे बघितलं होतं.

आठवड्याने तिने कविता दाखवली. त्यात क्षितिज होतं, सोनेरी किरणं होती, दवबिंदूही होते. कप्तानाने ती शांतपणे वाचली आणि म्हणाला, "उद्या साडेपाचला कालव्याच्या रस्त्यावर ये. हीच कविता सायकलवर बसून म्हणून दाखव."

तुम्हीवरून तूवर तो कधी आला, हे दोघांनाही कळलं नाही... म्हणजे तिला कळलं होतं.

"सात हाका मारल्या तरी कूस बदलणारी तू," आई म्हणाली, "आणि पाचला केस विंचरतेस? सायकलला वेणी आवडते वाटतं?"

क्लबची एक जुनी सायकल त्याने आणली होती. लहानपणानंतर तिने पॅडलला पाय लावला नव्हता. ती डगमगत निघाली, दहाव्या मीटरला 'क्षितिजावरती' म्हणायला गेली आणि 'जा'पाशीच तिचा दम संपला.

"बघ," तो शेजारून सायकल हाकत म्हणाला. "श्वास चार पॅडलांचा असतो. तेवढ्यात बसेल तेवढंच म्हणायचं. पुढे कोण, तर मी. मी अर्धी ओळ म्हणणार आणि उरलेली अर्धी मागचे म्हणणार. म्हणजे ते म्हणताना मला श्वास घेता येतो, मी म्हणताना त्यांना."

"आणि मागच्यांना ऐकू येतं?"

"वारा असला की सगळं नाही येत. शेवटचा शब्द तेवढा येतो."

ती तिथेच थांबली. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाली, "मग यमक ओळीच्या शेवटी असून काय उपयोग? ते मध्येच हवं. तुझ्या अर्ध्या ओळीचा शेवटचा शब्द मागच्यांच्या शब्दाला हात धरून ओढून आणेल. 'जाग' ऐकू आलं की 'लाग' आपोआप तोंडात यायला पाहिजे."

कप्तान तिच्याकडे बघतच राहिला. "चष्मेवाले," तो म्हणाला, "तू भलतीच हुशार आहेस गं."

त्या एका 'गं'वर तिने पुढचे सहा आठवडे काढले.

रोज पहाटे ती यायची. तो पुढे, ती मागे. ओळ जमली की नाही ते कागदावर नाही, चढावर ठरायचं. अवघड जोडाक्षरं दात लागल्यासारखी अडायची, म्हणून ती गाळली. मात्रा बोटांवर मोजल्या जायच्या, आणि दोन्ही अर्ध्या ओळी सारख्या भरल्या की तो हँडल सोडून टाळी वाजवायचा. एकदा त्या टाळीपायी कालव्यात जाता जाता वाचला. तिने त्याची कॉलर धरून ओढलं, आणि मग उगाचच जरा वेळ धरून ठेवली.

"सोड की," तो म्हणाला.

"परत पडशील. मला रोज रोज चष्मा जोडायला वेळ नाही."

तीन ओळी तयार झाल्या:

गजराआधी आली जाग, — रस्ता म्हणतो, मागे लाग!
उशीला म्हणा, बस तू घरी, — रस्त्यावरची हवाच बरी!
चढ आला की श्वास मोजा, — उतारावर फेका बोजा!

"चौथी?" त्याने विचारलं.

"चौथी उलटी आहे. ती मागून सुरू होते. सगळ्यात शेवटी जी असेल तिने विचारायचं आणि तू पुढून उत्तर द्यायचं. तू एकट्यानेच."

"शेवटच्याला आम्ही शेपूट म्हणतो," तो हसला.

रॅलीत सगळ्यात हळू चालवणारी कोण असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिने चौथी ओळ स्वतःसाठी शिवलेल्या कपड्यासारखी मापात बसवली होती. तिने कागद त्याच्या हातात दिला.

मागे राहिले, दिसते का रे? — तुझ्याच दिशेला वळले वारे!

त्याने ओळ वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू काय लिहिलंयस, तुला माहीत आहे?"

"माहीत आहे," ती म्हणाली.

"हे मला कधीच बोलता आलं नसतं." त्याने कागदाची घडी करून छातीवरच्या खिशात ठेवली. "रॅलीच्या दिवशी, शेवटच्या वळणावर... मी थांबून उत्तर देईन. बघशील तू."

घरी येऊन तिने आईचे गाल ओढले. आईने कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

रॅलीच्या पहाटे मैदानावर साठ दिवे लुकलुकत होते. शिट्टी झाली. कप्तानाचा आवाज पुढून आला, "गजराआधी आली जाग!" आणि एकोणसाठ गळे उसळले, "रस्ता म्हणतो, मागे लाग!" तिच्या अंगावर काटा आला. विसाव्या रांगेला 'ग' एवढाच ऐकू येत होता, तरी एकही गळा चुकत नव्हता. चढावर कप्तानाचं 'मोजा' ऐकून सगळे खरोखर श्वास मोजत होते. ती ठरल्याप्रमाणे मागे पडत गेली. दहा सायकली पुढे गेल्या, वीस गेल्या, सगळ्या गेल्या. आता आपणच शेवटच्या, असं वाटून ती घामाघूम होऊनही खुश होती.

मग मागून चेनचा बारीक आवाज आला.

तिने वळून पाहिलं. केशरी जाकीट घातलेली एक बाई निवांत पॅडल मारत होती. पाठीवर पंप, कमरेला पंक्चरची पेटी.

"चला तुम्ही, घाई नाही," बाई म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे! मी शेवटची आहे."

"छे हो. शेपूट मी आहे. शेपूट म्हणजे सगळ्यात हळू चालवणारा नव्हे. कुणी पडलं, कुणाची हवा गेली तर बघायला क्लबने नेमलेलं माणूस. माझ्या मागे कुणाला राहू द्यायचं नाही, असा नियमच आहे."

दोन महिने ती सायकलींत वावरली होती. मात्रा मोजल्या होत्या, श्वास मोजले होते. आणि शेपूट म्हणजे काय, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

"खरं तर मी येणारच नव्हते," बाई म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती, आणि बोलताना ती स्वतःशीच हसत होती. "सात महिने कप्तानाशी अबोला होता माझा. लग्नाचं ठरता ठरता फिसकटलं होतं. परवा दवाखान्यात येऊन उभा राहिला, खिशातून कागद काढला. म्हणाला, मला नीट बोलता येत नाही, पण शेवटची ओळ तुझी आहे. आलीस तर म्हण."

पुढे शेवटचं वळण दिसत होतं. साठ सायकली हळू झाल्या, आणि सगळा रस्ता गप्प झाला.

चष्मेवालीने छातीत श्वास भरला. का भरला, देव जाणे. "मागे रा—" एवढंच बाहेर पडलं, आणि तिच्या मागून, तिच्या डोक्यावरून, मोकळा खणखणीत आवाज गेला:

"मागे राहिले, दिसते का रे?"

वळणावर कप्तान उतरून उभा होता. सायकल रस्त्यात आडवी. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"तुझ्याच दिशेला वळले वारे!"

मग तो सायकलवर बसला आणि उलटा, सगळ्या रांगेच्या कडेने मागे येऊ लागला. लोक घंट्या वाजवत होते. तो चष्मेवालीच्या इतक्या जवळून गेला की तिची ओढणी हलली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. चष्मा तर तिनेच नीट बसवून दिला होता, सगळं लख्ख दिसत होतं त्याला... फक्त ती सोडून.

मैदानावर चहाचे कागदी कप फिरत होते. तो धावतच आला. "चष्मेवाले! अगं, तुझ्यामुळे—"

"ती ओळ माझी होती," ती म्हणाली.

"तुझीच तर आहे! सगळ्यांना सांगितलंय मी, तू लिहिलीस म्हणून."

"लिहिली म्हणून नाही. मी विचारणार होते. तुला."

त्याच्या हातातला चहा बोटांवर सांडला, तरी त्याने कप खाली ठेवला नाही. "मला वाटलं, तुला कळलंय... माझ्या मनातलं बरोबर ओळखून लिहिलंस तू."

"माझ्या मनातलं लिहिलं. तुझ्या मनात कुणी आहे हे सांगितलं असतंस, तर दुसरी लिहून दिली असती. यमकांना काय, तोटा नाही."

"तू आधी बोलली असतीस..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"तर काय?"

तो कपातल्या चहाकडे बघू लागला. खोटं तरी बोलायला हवं होतं त्याने. ते सुद्धा जमलं नाही मेल्याला.

"पहिल्या तीन ठेव," ती म्हणाली. "चौथी मला परत दे. पुढच्या वर्षी म्हणायची नाही."

कप्तानाने मान वळवून मैदानाकडे बघितलं. एका कोपऱ्यातून कुणीतरी 'का रे' म्हणून ओरडत होतं, दुसऱ्या कोपऱ्यातून 'वारे' येत होतं, आणि सगळं मैदान हसत होतं. "कशी देऊ गं?" तो म्हणाला. "साठ जणांना पाठ झालीय."

झालीच होती. विसरता येऊ नये अशीच तर तिने बांधली होती.

सायकल क्लबच्या स्टँडला लावून ती चालत घरी निघाली. ऊन वर आलं होतं, रस्ता मोकळा होता. मागून एक म्हातारं जोडपं रॅलीचे बिल्ले लावून सायकलींवरून आलं. पायी चाललेल्या तिला बघून आजींनी गमतीने साद घातली, "मागे राहिले, दिसते का रे?"

तिने ओठ घट्ट मिटले होते. तरी तोंड उघडलंच, आणि उत्तर आलं, "तुझ्याच दिशेला वळले वारे!"

"शाब्बास!" आजोबा म्हणाले आणि घंटी वाजवून पुढे निघून गेले.