आधी चेहरा बघा

तालीम रोज दुपारी दोनला सुरू व्हायची. काका दीडलाच येऊन बसायचे. रंगमंचाच्या डाव्या अंगाला एक स्टूल, त्यापुढे उतरतं फळकूट, त्यावर झडप लावलेला दिवा. उजव्या हाताशी भिंतीवर एक बटण. ते दाबलं की वर दोऱ्यांच्या माळ्यावर लाल दिवा लागायचा आणि वरचा माणूस पडद्याचा लोखंडी दांडा खाली सोडायचा. तो दिवा फक्त वरच्या माणसालाच दिसायचा.

काका नाटक मंडळीत एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होते. त्या धंद्याचा एकच नियम, नजर नाटकाच्या वहीतून उचलायची नाही. नट अडला की पहिले दोन शब्द द्यायचे, तिसरा नाही. काकांनी शेकडो प्रयोग केले, पण त्यांतला एकही त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांची बायको यावरून त्यांना चिडवायची. "जन्मभर नाटकात राहून हे आंधळेच."

बायको मंडळीचे कपडे शिवायची, आणि नाटकांच्या वह्याही तिच्याच हातच्या. अक्षर गोल, मोठं. वही शिवायला कपड्यांचाच हिरवा दोरा. पान फाटलं की खळ लावून नवं चिकटवायची.

सात महिन्यांपूर्वी, याच नाटकाच्या तालमीत, ती रंगमंचावर गुडघ्यांवर बसून एका नटाच्या झग्याची कड टाचत होती. दुसऱ्या अंकातला दांडा वेळेआधी खाली आला. नट बाजूला उडी मारून वाचला. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, ती ओरडूही शकली नाही.

चौकशी मंडळीच्या मालकांनीच केली. वर माळ्यावर दोरीशी मामा होते. सगळे त्यांना मामाच म्हणत. ते एवढंच बोलले, "माझा हात सुटला." मालक म्हणाले, अपघात आहे, विषय संपला. मामा दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर चढले. काका रिकाम्या घरी जाऊन दोन माणसांचा भात लावत राहिले. माझा हात सुटला, एवढ्या तीन शब्दांत तिचा निकाल लागला होता.

आता बंद पडलेलं नाटक पुन्हा उभं राहत होतं.

नाटक सुडाचं, पाच अंकी. एका माणसाच्या बहिणीचा खून होतो, तोही पडदा उघडण्याआधी, त्यामुळे प्रेक्षकाला तो दिसतच नाही. पहिल्या अंकात भाऊ न्याय मागायला कोर्टात जातो, तर खुर्चीवर खुनीच बसलेला. बहिणीचं भूत येऊन भावाकडे आपला सूड मागतं. दुसऱ्या अंकात भाऊ थांबतो, कारण भुताचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे. मेजवानीत तो खोटा खटला रंगवतो, आणि तो बघताना न्यायाधीशाचा चेहरा उतरतो. पुरावा मिळाला. तिसऱ्या अंकात भाऊ रिकाम्या कोर्टात शिरतो. उंच खुर्चीत कुणीतरी डोक्यावरून काळा झगा ओढून झोपलंय. तो सुरा खुपसतो. झगा सरकतो, तर आत म्हातारा द्वारपाल.

द्वारपालाला वाक्य नव्हतं. मंडळी लहान, म्हणून ते काम मामा करायचे.

एका दुपारी चहाच्या वेळी काकांनी दिग्दर्शकाला विचारलं, "सर, हा द्वारपाल कशाला मारला? तेवढा प्रवेश काढला तर भाऊ बरोबरच ठरतो."

"म्हणूनच काढता येत नाही," सर म्हणाले. "दुसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत भाऊ बरोबरच आहे, काका. कायदा त्याच्या तोंडावर बंद झालाय, पुरावा हातात आहे. लेखकाने त्याला सगळी कारणं दिली आणि मग त्याच हाताने निरपराध माणूस मारवला, तोही नाटकाच्या ऐन मध्यावर. पुढे द्वारपालाचा मुलगा काय बोलतो?"

"पहिल्या अंकातलं भावाचंच भाषण."

"अक्षर न बदलता. आता सांगा, भाऊ बरोबर असेल तर मुलगा चूक कसा?"

काका कपातल्या सायीकडे बघत राहिले. "पण ती चूक झाली. झगा होता म्हणून."

"झगा ओढून चेहरा बघायला किती वेळ लागतो? त्याने बघितलं नाही. न्याय आणि सूड यांच्यात मला तरी एवढाच फरक दिसतो. सुडाला बघायचं नसतं, त्याची आधीच खात्री झालेली असते."

"आणि शेवटी भावाला मारायलाच हवं?"

"जिवंत ठेवला तर खून बरोबर ठरतो. कोर्टाने फाशी दिली, तर ज्या कोर्टाने न्याय नाकारला तेच बरोबर ठरतं. लेखकाची कोंडी झालीय. म्हणून भाऊ स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसतो, डोक्यावरून झगा ओढतो. मुलगा सुरा घेऊन येतो. तो झगा उचलतो की नाही, हे कळायच्या आत पडदा पडतो."

"हे काही उत्तर नाही झालं, सर."

"नाहीच आहे," सर म्हणाले आणि त्यांनी कप ठेवला.

काकांना त्या दिवशी झोपेपर्यंत ते पटलं नाही. बरोबर असलेल्या माणसाला लेखकाने मुद्दाम गोवलं, असंच त्यांना वाटत राहिलं. मामांनी तर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. इथे झगा कुठे होता?

त्याच आठवड्यात पहिली विचित्र गोष्ट घडली. तिसऱ्या अंकात भावाचं काम करणारा नायक सुरा उगारून खुर्चीपाशी गेला आणि थबकला.

"पुढे," सर म्हणाले.

"काका, काय म्हणालात?"

"मी काही बोललो नाही," वहीत बोट ठेवून काका म्हणाले.

"कुणीतरी म्हणालं. 'अहो, आधी चेहरा बघा.'" नायक हसला. "माझं लग्न ठरायचंय अजून, मला अहो म्हणणारी कोण आली?"

सगळे हसले. काकांनी पान तपासलं. असं वाक्य त्यात नव्हतं.

दोन दिवसांनी तसंच झालं, त्याच जागी. या वेळी नायक हसला नाही. "बाईचा आवाज आहे," तो म्हणाला. "तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा."

तोंडात टाचण्या धरून बोलणारी एकच बाई काकांना माहीत होती. पण मनात त्यांनी हिशोब वेगळाच मांडला. ती आली आहे. भूत येतं ते सूड मागायलाच येतं, नाटकात तसंच आहे.

नाटकातला सुरा त्यांच्याच ताब्यात असायचा. त्याचं पातं स्प्रिंगवर होतं, टेकवलं की मुठीत शिरायचं. मुठीला एक बारीक खिट्टी होती. ती लावली की पातं पक्कं. काकांनी सुरा पिशवीत घालून घरी नेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कानशीने टोक घासलं, बोटाला लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खिट्टी लावली आणि सुरा नायकाच्या हातात दिला.

"आज जोरात मार," ते म्हणाले. "सर म्हणतात, हात हलका पडतो."

सर तसं काही म्हणाले नव्हते.

मामा खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी झगा डोक्यावर ओढला. बसण्याआधी त्यांनी एकदा काकांकडे बघितलं. गेले सात महिने ते असेच बघायचे, काहीतरी बोलायचं असल्यासारखे.

काकांनी नजर वहीत खाली घातली. नायकाची पावलं ऐकू आली. चार, पाच. फळीचा करकर आवाज. श्वास.

मग तो आवाज आला. या वेळी काकांच्या उजव्या कानाशी, बटणाच्या बाजूने. सात महिने ऐकला नव्हता तो आवाज. दातांत टाचण्या धरून बोलायची तसा.

"अहो, आधी बघा."

काकांनी मान वर केली. प्रवेश चालू असताना, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

सुरा वर गेलेला होता.

"थांब!" काका स्टुलावरून उठून ओरडले.

नायकाचा हात वळला, आणि पातं खुर्चीच्या पाठीत चार बोटं घुसलं. मामांच्या कानापासून वीतभर अंतरावर.

नायकाने मूठ सोडली. सुरा लाकडात तसाच उभा राहिला.

मामांनी झगा खाली ओढला. सुऱ्याकडे बघितलं. मग काकांकडे. रागाचं नाव नव्हतं चेहऱ्यावर.

"मला वाटलंच होतं, कधीतरी असं होणार," ते म्हणाले.

"तुमचा हात सुटला," काका म्हणाले.

"नाही सुटला." मामा हळूच म्हणाले. "लाल दिवा लागला, काका. मी दिवा बघितला आणि सोडला. तो लवकर लागला होता. तुम्ही आधीच अर्धमेले झाला होतात, तुम्हाला काय सांगणार होतो?"

काका स्टुलावर परत आले. वही उचलली. दुसरा अंक. अडतीस, एकोणचाळीस. चाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात खळीचा खरखरीत डाग होता. गेल्या दोन आठवड्यांत त्यांचं बोट तिथे रोज अडखळलं होतं. समोरच्या पानाच्या कोपऱ्यात तसाच डाग, कागदाचा पापुद्रा निघालेला. अपघाताच्या दिवशी सकाळी तिने फाटलेलं पान चिकटवलं होतं. खळ ओली होती. त्यांनी दोन पानं एकदम उलटली होती, वर दांडा सोडायची लाल खूण दिसली होती, आणि त्यांनी बटण दाबलं होतं. वहीतून नजर न उचलता.

सरांनी तालीम थांबवली. नायक जिन्यावर जाऊन बसला, कुणीतरी त्याला पाणी दिलं. मामांनी सुरा उपटून काढला, खिट्टी सोडवली, आणि ते आपल्या माळ्यावर गेले. त्यांना दुसरीकडे कुठे जायचं ते माहीत नव्हतं.

काकांनी वही मिटली आणि ते रंगमंचाच्या मध्यावर गेले. फळ्यांवर तिथे अजून चार-दोन टाचण्या फटीत अडकलेल्या होत्या. ते तिच्यासारखे गुडघ्यांवर बसले.

त्यांनी नखाने एक टाचणी उकरून काढली, मग दुसरी.

"काका," वरून मामांचा आवाज आला. ते कठड्यावरून वाकून खाली बघत होते. दोर त्यांच्या हातात होता. "लाल दिवा लागलाय. कोण आहे बटणापाशी?"

काकांनी मान वळवली. स्टूल रिकामं होतं. फळकुटावरचा दिवा चालू होता, वही उघडी होती. त्यांनी ती मिटून ठेवली होती.

"काका, दांडा तुमच्या डोक्यावरच आहे. बाजूला व्हा."

वहीची दोन पानं एकदम वर उचलली गेली, क्षणभर उभी राहिली, आणि मग आतलं पान बाहेरच्यापासून सावकाश सुटं होऊ लागलं. ओली खळ सुटताना होतो तसा बारीक आवाज आला.

"दिवा अजून लागलेलाच आहे," मामा म्हणाले. "पण मी तुमच्याकडे बघतोय, सोडणार नाही. उठा."

काका उठले नाहीत. निकाल तिच्यावर सोपवून ते पान सुटायची वाट बघत राहिले.