चिठ्ठीची दुसरी बाजू

ती पहिल्यांदा हेल्प डेस्कवर आली, ती रस्ता चुकून. कॉलेजच्या महोत्सवाची निवेदिका, आणि तालमीची खोली कुठे आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. टेबलामागच्या मुलाने नकाशा पुढे सरकवला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सगळ्यांना वाट सांगणार ती तूच ना?"

त्या दिवसापासून ती त्याची माईकबाई झाली आणि तो तिचा डेस्कसाहेब. स्वागताचं भाषण तिने त्याच्याच टेबलाशी बसून बसवलं. आधी पाहुणे, मग प्राध्यापक, मग पालक, मग विद्यार्थी. त्यानंतर बाहेर पडायचे दरवाजे, फोन सायलेंटवर ठेवायची विनंती आणि शेवटी हेल्प डेस्क. ही शेवटची ओळ ती भरभर उरकायची. तो तिला थांबवायचा. "इथे हळू. लोक टाळ्यांच्या नादात असतात. कुठे, काय मिळेल, आणि पुन्हा एकदा कुठे." मग ती मुद्दाम इतकं सावकाश म्हणायची की दोघांनाही हसू आवरायचं नाही. तो हसताना खाली बघायचा... आणि तिला नेमकं तेच आवडायचं.

त्यांचा एक नियम होता. काही बदललं तर तो पिवळी चिठ्ठी पाठवणार आणि माईकबाई ती लगेच निवेदनाच्या कार्डाला टाचणार, कारण स्टेजवर डोकं चालत नाही, डोळे चालतात.

महोत्सवाच्या सकाळी हेल्प डेस्कच्या जागी, ग्रंथालयाच्या व्हरांड्यात, नळ फुटला. टेबल, औषधांची पेटी आणि ड्युटीवरचे डॉक्टर, सगळं सभागृहामागे जिमखान्याच्या दाराशी हलवलं गेलं. जुन्या जागी पाटी लावायची घाईत राहून गेली. पिवळी चिठ्ठी मात्र पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी तिच्या हातात पडली. 'डेस्क आता जिमखान्याच्या दाराशी.' तिने ती उलटली. मागे लिहिलं होतं, 'आणि कार्यक्रमानंतर चहा? फक्त आपण दोघं.'

तिचे कान तापले. अशी चिठ्ठी कार्डाला टाचायची? शेजारी सहनिवेदक उभा होता. त्याने वाचली असती तर कॉलेजभर बोभाटा झाला असता. तिने ती घडी करून कुर्त्याच्या खिशात सारली. पडदा उघडला.

आवाज छान लागला होता. तिने सगळ्यांचं स्वागत केलं, फोन सायलेंट करायला लावले, आणि मग त्याने शिकवलं होतं तसं हळू, दोनदा सांगितलं, "हेल्प डेस्क ग्रंथालयाच्या व्हरांड्यात आहे. प्रथमोपचार आणि डॉक्टर तिथेच मिळतील. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात."

अर्ध्या तासाने सातव्या रांगेत एका गृहस्थांच्या छातीत कळ आली. ते डेस्कसाहेबाचे मामा होते, आईवडलांमागे त्यांनीच त्याला वाढवलं होतं. मामींनी भाच्याला फोन लावला, तर तोही सायलेंटवर. मग त्या धावत सुटल्या, ग्रंथालयाकडे. व्हरांड्यात पाणी आणि दोन ओल्या खुर्च्या होत्या. डॉक्टर सापडेपर्यंत बारा मिनिटं गेली. दुपारी हॉस्पिटलमध्ये मामा गेले.

दहाव्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. जिन्यात तो भेटला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तिला काही बोलू न देता तोच बोलत सुटला. चिठ्ठी तुझ्यापर्यंत पोचली की नाही हे बघायला हवं होतं. मी स्वतः यायला हवं होतं. मामी रोज विचारतात, ग्रंथालय कोणी सांगितलं? मी म्हणतो, चूक माझी.

गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं. तो तिचाच राहिला असता, जन्मभर स्वतःला खात. तिने खिशातून पिवळी चिठ्ठी काढली.

"पोचली होती. मी टाचली नाही... मागचं कुणी वाचेल म्हणून."

त्याने चिठ्ठी घेतली. एक बाजू वाचली, मग दुसरी. मग त्याने कठडा धरला. वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं.

"मी मागे लिहायला नको होतं," तो म्हणाला.

"तुझं नाही काही चुकलं. मला तू आवडतोस, म्हणून मी ती जपून ठेवली. एवढीच गोष्ट आहे, आणि त्यात माणूस गेला."

"म्हणजे उत्तर हो होतं?"

"हो."

त्याने मान हलवली. "आता तो चहा नाही व्हायचा. मला नाही जमणार." चिठ्ठी त्याने तिच्या हातात परत दिली, अगदी हळुवार, आणि बोटं क्षणभर तिथेच राहिली. "पण मामींना तू सांगशील?"

"त्यासाठीच आले आहे."

त्याने दार उघडलं. आत मामी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून विचारलं, कोण आलंय? ती उंबऱ्यात उभी राहिली. हातात कार्ड नव्हतं.

"मामी," ती हळू म्हणाली, "ग्रंथालय मी सांगितलं."