आप्पा, देबाक म्हणा ना

बस. चहा गार होऊ देऊ नकोस, गोष्ट फार लांबणारी नाही. भीती वाटली तर सांग, मी थांबणार मात्र नाही.

गोरेगाव पूर्वेला आमचा डबिंगचा स्टुडिओ आहे, एका जुन्या इमारतीच्या तळघरात. कोरियन मालिका मराठीत आणायचं काम मी करते. संवाद मी लिहिते आणि कलाकारांकडून बोलूनही मीच घेते. मृणालिनीताई, तुमचं मराठी ऐकून आमची आईसुद्धा ती मालिका बघते, असं पोरी मला कळवतात. अभिमान आहे मला त्याचा, का नसावा?

सुरुवातीला मी 'देबाक' या कोरियन शब्दाचं 'झकास' करून टाकलं होतं. प्रेक्षकांनी माझी पिसं काढली. तेव्हा रेवतीने मला समजावलं. ती आमच्या नायिकेचा, सोराचा, आवाज. "ताई, देबाक म्हणजे नुसतं झकास नाही गं. मूळ अर्थ मोठं यश, घबाड. पण मैत्रिणीची लॉटरी लागली तरी देबाक, आणि तिचा नवरा पळून गेला तरी देबाक! डोळे विस्फारायचे, तोंडावर हात ठेवायचा. अर्थ सगळा सुरात असतो." तेव्हापासून तो शब्द मी तसाच ठेवते. 'आयगू'ही ठेवते, तो तर आपल्या 'आई गं'चा सख्खा भाऊ वाटतो. आणि 'आप्पा'ला हात लावायची वेळच येत नाही. तिकडेही बापाला आप्पाच म्हणतात.

रेवती मुलुंडची. वडील अंबादास, पूर्वी गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. बँकेतली नोकरी सोडून लेक "माकडचेष्टा" करते म्हणून नाराज. रेवती घरी त्यांच्यावरच एग्योचा सराव करायची. एग्यो म्हणजे लाडीगोडी, पण ठरवून केलेली. स्वर लांबवायचा, शेवटी नाकात न्यायचा, 'मी' म्हणायच्या जागी स्वतःचं नाव घ्यायचं, गाल फुगवायचे. "आप्पाऽऽङ, रेवतीकडे बघा ना!" अंबादास पेपर तोंडापुढे धरायचे. पेपरामागे हसतात, असं ती म्हणायची. "एकदा आप्पांनी देबाक म्हणावं, ताई. मग मी रिटायर."

दिवाळीच्या सुमारास तिला डेंग्यू झाला. आठवडाही काढला नाही पोरीने.

मालिकेचा शेवटचा भाग तेवढा राहिला होता. निर्माता म्हणाला, नवी मुलगी घ्या, आवाज जुळला तर ठीक, नाही तर आधीचे सगळे भाग तिच्याकडूनच पुन्हा करून घेऊ. म्हणजे रेवतीचा आवाज पुसला जाणार होता. नावही जाणार.

त्या दुपारी जान्हवी आली. गुणी मुलगी, आवाजही बराचसा तसाच. रेकॉर्डिंगला मिहिर होता. बाहेर लख्ख ऊन, पण बूथमध्ये दार लावलं की दिवसरात्र कळत नाही. पडद्याचा निळसर उजेड, बाकी मिट्ट काळोख. स्वतःचा श्वास ऐकू येतो.

सगळे प्रसंग जुळले. एकच अडला. अंथरुणाला खिळलेल्या, अबोला धरलेल्या बापासमोर सोरा येते. मालिकाभर एग्यो करणाऱ्या मुलींची टिंगल करणारी सोरा पहिल्यांदाच एग्यो करते. आणि तो करडा म्हातारा हळूच म्हणतो, "देबाक." पोरासोरांचा शब्द म्हाताऱ्याच्या तोंडी येतो, म्हणजे इतकी वर्षं तो लेकीचं बोलणं कान देऊन ऐकत होता, हे प्रेक्षकाला कळतं. तिथे रडू आलं पाहिजे. म्हाताऱ्याच्या वाक्याची जागा तेव्हा रिकामीच होती, त्याचा कलाकार दुसऱ्या दिवशी येणार होता. आमच्याकडे प्रत्येकजण एकटाच बोलतो.

जान्हवीने केलं ते बाळबोबडं झालं.

"बाळ नाही व्हायचं गं," मी काचेबाहेरून म्हटलं. "मोठ्या बाईला लाज वाटतेय, तरी ती करतेय. ती लाज ऐकू आली पाहिजे. समोरच्याचं ओझं उतरावं म्हणून ती लहान होतेय."

पुन्हा. पुन्हा. तिचा घसा बसला. मिहिर माझ्याकडे बघेना. मी मनात म्हटलं, गेली रेवती. आता खरोखर गेली.

"शेवटचा एक," मी म्हटलं.

लाल दिवा लागला. आधी वास आला... ज्येष्ठमधाचा. रेवती गालात काडी धरून बसायची तोच. मग हेडफोनमध्ये एक बारीकसा आवाज, पुक्. फुगवलेल्या गालावर बोट मारल्यासारखा. आणि मग,

"आप्पाऽऽङ... सोराकडे बघा ना. एकदाच..."

लाज होती त्यात. हसू होतं. आणि खाली कुठेतरी रडणं दाबलेलं. पडद्यावरच्या ओठांशी शब्द नेमके जुळले होते. मी टेबल घट्ट धरून बसले.

दार उघडून जान्हवी बाहेर आली. पांढरीफटक. हातातला हेडफोन तिने टेबलावर ठेवला.

"ताई, सॉरी... मला नाही जमलं. मी तोंडच उघडलं नाही. हेडफोन काढून नुसती उभी होते."

मिहिरने टेक मागे नेला. तो रेकॉर्ड झाला होता. रेवतीच, दुसरं कुणी नाही. भीती वाटली का म्हणतेस? वाटली. पण त्याहून जास्त छाती भरून आली. माझी पोर! मरणानंतरही तिने काम अर्धं सोडलं नव्हतं.

"ताई, थांबा," मिहिर पुटपुटला. "पुढे पण काहीतरी आहे..."

म्हाताऱ्याच्या रिकाम्या जागेत खोकल्याची उबळ आली. मग एक जाड, थकलेला आवाज.

"देबाक गो बाय."

मी ओळखला तो. तिच्या दहाव्याला ऐकला होता. मी तिथूनच अंबादासना फोन लावला, स्पीकरवर. त्यांना हे ऐकवायलाच हवं होतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तेच म्हणाले,

"माझा चेडू, माझी रेवती, आता दुपारी इल्ला. लाडात येऊन म्हणाला, आप्पा, माझ्याकडे बघा. तेच्या जित्यापणी मी कधी म्हटलंय नाय, आज म्हटलंय. देबाक गो बाय." ते हसत होते आणि रडत होते. "हुशार हा ना माझा चेडू, ताईनू?"

"खूप हुशार, आप्पा."

"ता हयच बसलेला आसा. गाल फुगवून." ते जरा थांबले, कुणाचं तरी ऐकावं तसे. "ता इचारता... आवाज जुळलो काय?"

जान्हवीने माझा दंड घट्ट धरला होता.

"जुळला गं," मी म्हटलं. माझा आवाज ठाम होता, हे मला आजही आवडतं. "तुझे सगळे भाग तसेच राहणार. देबाक, रेवती."

मग टेबलावर ठेवलेल्या जान्हवीच्या हेडफोनमधून अगदी स्पष्ट आवाज आला, पुक्.

आम्ही तिघांनीही तिकडे पाहिलं. त्या हेडफोनची वायर मिहिरने केव्हाच काढली होती. ती गुंडाळून त्याच्या हातात होती.