निगाच्या पडद्यावरचं शून्य

गावात घरोघरी लोक तापाने फणफणले होते, आणि निगाच्या पडद्यावर रुग्ण किती? शून्य! आता हे काय कोडं?

निगा म्हणजे तालुक्याहून आलेला आरोग्य-रोबो. २०७१ सालचा, एकदम चकाचक! कोठारात उंदीर मरून पडले, प्लेगचं निदान झालं आणि स्वारी येऊन धडकली. न विचारता घरात घुसायचं, ताप असलेल्याला एकट्यालाच बंद गाडीत घालायचं आणि घराला कुलूप ठोकायचं, एवढंच त्याला शिकवलेलं.

केतकीची जिवलग मैत्रीण मिताली तर माळ्यावर गोधड्यांखाली लपवलेली होती. काखेत गाठ आलेली, औषधाचा पत्ता नाही. "कुणाला बोललीस तर बघ," असा दम मितालीच्या आईने भरला होता.

केतकीने थेट आजोबांना गाठलं. ते निवृत्त कीटकशास्त्रज्ञ.

"आजोबा, निगाला आजारी माणसं का सापडत नाहीत?"

"तो असा शोधतोय म्हणून!"

"काहीतरीच काय!"

"अगं, इंग्रजांच्या काळात प्लेग आला तेव्हा सरकारने हेच केलं. शिपाई घरात घुसले, सामान जाळलं, आजाऱ्यांना छावणीत नेलं. त्यामुळे लोकांनी आजारी लपवले, काही तर गुपचूप परगावी पळाले. प्लेगही त्यांच्या बोचक्यात बसून गेला."

"बोचक्यात?"

"पिसवा गं!" (पिसू म्हणजे उंदराचं रक्त पिणारा बारीक कीटक.) "उंदीर मेला की भुकेल्या पिसवा माणसाला चावतात, आणि त्यांच्यातले जंतू आपल्या अंगात शिरतात. कित्येक गावांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण उंदीर पडले की ती रानात झोपड्या घालून राहायची. उंदीर नि पिसवा गावात, माणसं रानात! पुढे सरकारनेही जबरदस्ती सैल केली, झोपड्यांना मदत दिली, लस ऐच्छिक ठेवली. मग लोकही थोडे मोकळे झाले."

"म्हणजे रोग लपवते ती भीती! आजोबा, मितालीला ताप आहे. लावा तालुक्याला फोन!"

आजोबांनी फोन लावून हे सगळं पटवून दिलं. तालुक्याने निगाचा नियम बदलला. शाळेमागच्या मळ्यात तंबू उभे राहिले, गावातल्या उंदरांच्या बिळांमध्ये पिसवा मारायची पूड पडली. खोकणाऱ्यांचे तंबू तेवढे वेगळे, कारण खोकल्यातून प्लेग थेट माणसाकडून माणसाला होतो.

मग निगाने मितालीचं दार वाजवलं. "काकू, आत येऊ का? तुम्हीही सोबत चला. तोंडाला मास्क आणि खबरदारीची गोळी देतो."

काकूंनी केतकीकडे रोखून पाहिलं. "फुटलीसच ना तू, भवाने!" आणि डोळे पुसत माळ्याला शिडी लावली.

गोळ्या-इंजेक्शनं वेळेवर मिळाली. तिकडे घराघरांतून माणसं आपणहून बाहेर आली आणि पडद्यावरचा आकडा भराभरा चढला.

"धोका! रुग्ण वाढले!" निगा किंचाळला.

"वाढले नाहीत रे ठोंब्या, दिसले!" तंबूतून मिताली ओरडली. आवाज खणखणीत होता. आता निगाला पुढच्या गावी जायचं होतं, आणि यावेळी तो आधी दार वाजवणार होता.