सात नंबरची सोबत

खुर्चीवर लोकरीचा एक हातमोजा होता. एकच, उजव्या हाताचा. बोटं सरळ केलेली, मनगटाची कड नीट दुमडलेली. कुणीतरी दुसऱ्याच्या हातातून अलगद काढून, विसरू नये म्हणून बाजूला ठेवावा, तसा.

टिरिलला हा मोजा पहिल्याच दिवशी खटकला होता.

टिरिल आज स्वतः कॅन्सरची डॉक्टर आहे. मोजल्या-तपासल्याशिवाय ती काहीच मान्य करत नाही. तिनं ही गोष्ट सांगताना एक शब्द वाढवला नाही. इथंही वाढवलेला नाही. आणि तरीही, वॉर्डातल्या रिकाम्या खुर्चीवर बसण्याआधी ती आजही त्या खुर्चीवरून एकदा हात फिरवते.

नोव्हेंबरचा शेवट. उत्तर नॉर्वेतलं किनाऱ्यावरचं शहर. सूर्य उगवायचा बंद झालेला, दुपारी दोनलाच खिडक्यांबाहेर शाई ओतल्यासारखा काळोख. वैद्यकीय शिक्षणातला टिरिलचा कॅन्सर वॉर्डमधला तो पहिला आठवडा होता.

"या आठवड्यात तू कुणाला बरं करायचं नाहीस," डॉक्टर योस्टाइननं सोमवारी सांगितलं. "फक्त बसायचं."

"बसून काय करू?"

"खुर्ची ओढ आणि बस. उभ्या माणसाला कुणी मनातलं सांगत नाही. विचार, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. मग गप्प राहा. तुला वाटेल आता फार झालं, त्याच्यानंतरही गप्प राहा."

तिला मिळाली सात नंबरची खोली. हाल्गाइर, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, बेटावर राहणारा. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. केमोमुळे पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या, त्यात ताप आला, म्हणून भरती केलेला. ताप उतरला होता. पण नव्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या दिसत होत्या. म्हणजे जुन्या औषधाचा उपयोग संपला.

दुसरं औषध होतं. त्यानं काही आठवडे मिळाले असते, पण मळमळीत आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत काही आठवडे गेलेही असते. आणि बोटीत बसून बेटावरच्या घरी जायचं, तर अंगात ताकद आहे तोवरच. पुढच्या महिन्यात जमेल याची खात्री नव्हती. योस्टाइननं हे सगळं त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

औषध घ्यायचं की घरी जायचं?

"बघू," हाल्गाइर रोज म्हणायचा.

सोमवारी टिरिल खुर्ची ओढून बसली तेव्हा त्या खुर्चीवर तो मोजा होता. तिनं तो उचलून त्याला दिला. हातमोजे लागत होते ते जुन्या औषधामुळे. त्यानं नसांना थंडी सहन होत नाही. गार पाणी घशात काचेसारखं लागतं, स्टीलचा चमचा धरला तरी बोटांत सुया टोचतात. म्हणून हाल्गाइर वॉर्डातही बायकोनं विणलेले मोजे घालायचा.

"एकच का काढलात?" तिनं विचारलं.

त्यानं मोजा परत हातात चढवला. मग तिनं शिकवल्याप्रमाणे विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

तो छताकडे बघत राहिला.

टिरिलला ती शांतता सोसवेना. ती मळमळीच्या गोळ्यांबद्दल बोलायला लागली. मग दुखण्याच्या औषधांबद्दल. मग आहाराबद्दल.

"पोरी, तू हवामान सांगणाऱ्या बाईसारखी आहेस," हाल्गाइर म्हणाला. "वादळ सोडून सगळं सांगतेस."

कानांपर्यंत लाल होऊन ती बाहेर पडली.

मंगळवारी दुपारी ती परत गेली, तर दाराच्या मुठीला एक हिरवं कार्ड लटकत होतं.

'सोबत बसलो आहोत. कृपया आत येऊ नये.'

तिला सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी बसलंय ना? मग झालं. ती वळली.

बुधवारी पुन्हा तेच कार्ड...

या वेळी ती थांबली. आतून हाल्गाइरचा आवाज येत होता. तो काहीतरी बोलला. मग शांतता. पुन्हा दोन शब्द. पुन्हा शांतता.

दुसरा आवाज नव्हताच.

पण ती शांतता रिकामी वाटत नव्हती. कुणीतरी ऐकत असावं, अशी होती. योस्टाइननं शिकवली होती अगदी तशी.

"संपलं का तुझं?"

टिरिल दचकली. मागे हाल्गाइरची बायको उभी होती, माग्नहिल. हातात माशाच्या कोमट सूपचा थर्मास.

"माझं काय?"

"काल आले तेव्हाही हे कार्ड होतं. मी दीड तास तिकडे कॉफी पीत बसले. आत बसून काय भरवतेस गं त्याच्या डोक्यात? औषध बंद करा म्हणून?"

"मी आत नव्हते! मी तर बाहेरच उभी आहे."

माग्नहिलनं तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे.

"मग आत कोण आहे?"

टिरिलनं दार उघडलं.

हाल्गाइर एकटाच होता. डोळे मिटलेले, उजवा हात उघडा, चादरीवर. मोजा खुर्चीवर.

माग्नहिल आत गेली आणि सूप ओतायला लागली. टिरिलनं मागे वळून पाहिलं, तर मुठीला कार्ड नव्हतं.

तेव्हा तिचा संशय माग्नहिलवरच गेला. बाईला उपचार थांबायला नको आहेत. डॉक्टरांनी आत येऊन तो विषय काढू नये म्हणून हीच कार्ड लावत असेल, आणि आता पर्समध्ये टाकलं असेल. सरळ हिशोब होता. फक्त त्यात तो मोजा बसत नव्हता.

गुरुवारी सकाळी दाराला काही नव्हतं. टिरिलनं हाल्गाइरला थेट विचारलं.

"ती येते ना," तो म्हणाला. "बसते. तुझ्यासारखी बडबडत नाही."

"कोण ती?"

"नाव नाही विचारलं. राखाडी स्वेटर. मोजा काढते आणि हात धरते." त्यानं आपला उजवा हात पुढे केला. "हात बर्फासारखा गार आहे तिचा. आणि टोचत नाही."

टिरिलच्या पाठीवर काटा आला. या माणसाला काचेचा पेला धरवत नव्हता.

पण ती विज्ञान शिकलेली मुलगी. तिनं योस्टाइनला सांगितलं आणि योस्टाइननं तेच केलं जे करायला हवं होतं. कॅन्सरच्या रुग्णाला माणसं दिसू लागली की आधी कारण शोधायचं. रक्तातलं कॅल्शियम पाहिलं, सोडियम पाहिलं, लघवी तुंबली आहे का, कुठे जंतुसंसर्ग आहे का, मॉर्फिनचा डोस जास्त होतोय का... सगळं ठीक.

मग लक्ष तपासायला त्यानं हाल्गाइरला महिने उलटे म्हणायला लावले.

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." हाल्गाइर न अडखळता म्हणत गेला. मार्चला थांबला. "कॉड माशांचा महिना. तेव्हा मी अशा फालतू परीक्षा देत नाही. फेब्रुवारी, जानेवारी. पास झालो का, डॉक्टर?"

"पहिला नंबर," योस्टाइन म्हणाला. बाहेर आल्यावर मात्र तो हळूच म्हणाला, "हा भ्रम नाही. भ्रमात माणूस असा विनोद करत नाही."

"मग हिरवं कार्ड कोण लावतं?" टिरिलनं विचारलं.

शेजारी सलाइनची नळी बदलायला निघालेली नर्स बोडिल जागच्या जागी थांबली.

"कसलं कार्ड?"

टिरिलनं सांगितलं. त्यावरचा मजकूरही सांगितला.

"हे तुला कुणी शिकवलं?" बोडिलचा आवाज एकदम कोरडा झाला. "माझी थट्टा करायला कुणी पाठवलंय तुला?"

"अहो, मी स्वतः पाहिलंय. माग्नहिलनंही पाहिलंय."

बोडिलनं तिला औषधांच्या खोलीत नेलं. दार लावलं.

"आपल्याकडे शेवटच्या दिवसांत सोबत बसायला स्वयंसेवक येतात ना, त्यांची होती ती कार्डं. आत कुणी बसलं असेल तर आपण त्रास द्यायचा नाही, असा नियम होता. गुडनी म्हणून होती, सगळ्यांत जुनी. कितीजणांचा हात धरून बसली असेल! मग तिलाच कॅन्सर झाला. सात नंबरमध्येच होती."

"मग?"

"शेवटच्या दिवशी तिच्याजवळ बसलेल्या बाईला बरं वाटेना. ती घरी गेली. जाताना कार्ड काढायचं राहिलं." बोडिल शेल्फकडे बघत राहिली. "दुपारभर आम्ही सगळे त्या दारावरून गेलो. प्रत्येकाला वाटलं, आत कुणीतरी आहे. ती एकटीच गेली."

मग ती टिरिलकडे वळली.

"त्याच आठवड्यात सगळी कार्डं आम्ही फाडून टाकली, टिरिल. एकही ठेवलं नाही."

दुपारी टिरिल सात नंबरसमोर उभी राहिली.

कार्ड होतं.

वळून निघून जाणं अगदी सोपं होतं. तशी परवानगी त्या कार्डावर लिहिलेलीच होती. पण मंगळवारपासून हेच तर चाललं होतं. ती वळत होती, माग्नहिल वळत होती, आणि आत तो माणूस "बघू" म्हणत झिजत होता.

तिनं कार्ड काढलं. जाड, जुनं, कडा मऊ झालेलं. खिशात घातलं आणि आत गेली.

खुर्ची पलंगाला चिकटून होती. उजवा मोजा तिच्यावर.

टिरिल खुर्चीकडे सरकली.

"तिथं नको," हाल्गाइर म्हणाला. "दुसरं काहीतरी घे."

तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. समोर रिकामी खुर्ची. मध्ये तो. त्याचा उघडा उजवा हात चादरीवर अर्धवट मिटलेला होता, कुणाची तरी बोटं आत असावीत तेवढा.

"सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, हाल्गाइर?"

त्याची नजर रिकाम्या खुर्चीकडे गेली.

टिरिलच्या तोंडात शब्द आले. गोळ्या, डोस, काहीही. तिनं ते गिळले.

शांतता वाढत गेली. तिला वाटलं, आता फार झालं. मग आणखी वाढली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं... खोलीत श्वास तीन ऐकू येत होते.

ती उठली नाही.

"मरायची नाही," हाल्गाइर शेवटी म्हणाला. "माग्नहिलची. आठ महिने ती मला सूप पाजून जगवतेय. तिला कसं सांगू, पुरे म्हणून? हार मानली असं वाटेल तिला. या बाईला रोज सांगून बघतो. सराव म्हणून. पण हिला सांगणं सोपं आहे, ही काही रडत नाही."

"तिच्यासमोर सांगाल?" टिरिलनं विचारलं. "मी इथंच बसते."

त्यानं होकाराची मान हलवली.

टिरिलनं उठून दार सताड उघडलं. माग्नहिल कॉरिडॉरच्या टोकाला थर्मास घेऊन उभी होती, आत यावं की नको अशा विचारात. टिरिलनं हात करून तिला बोलावलं. मग कार्ड दाखवायला खिशात हात घातला.

खिसा रिकामा होता. बोटं मात्र गार पडली.

माग्नहिल आत आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती सरळ खुर्चीपाशी गेली, मोजा उचलला, बसली. आणि चमकून टिरिलकडे पाहिलं.

"आत्ता कुणी बसलं होतं का इथं? खुर्ची ऊबदार आहे."

टिरिल आपल्या स्टुलावर परत येऊन बसली.

हाल्गाइरनं उघडा हात बायकोपुढे केला. माग्नहिल बाहेरच्या थंडीतून आलेली, तिच्या बोटांचा स्पर्श होताच त्याचा चेहरा वेदनेनं आकसला. तिनं हात मागे घेतला. त्यानं तो पुन्हा धरला.

"टोचू दे," तो म्हणाला. "माग्नहिल, मला नवं औषध नको. मला घरी ने."