शेवटच्या दोन सेकंदांची चित्रं

पेनड्राइव्हवर फिल्म उतरवायची आणि घरी जाऊन ताणून द्यायची, एवढंच काम चिंगीचं राहिलं होतं. अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाची ही पोरगी. खरं नाव वर्गात कुणी घेतच नसे. सकाळी फिल्म जमा केली नाही तर वर्ष पाण्यात.

फिल्म तिच्या आईवर होती. आई पिशवी घेऊन दवाखान्यात निघते, जिना उतरते, वळणावर थांबते, मान वळवून वर बघते आणि जाते. खरी आई परत आलीच नाही. ती निघाली तेव्हा चिंगी आत मोबाइल बघत लोळत होती, जिन्यापर्यंतसुद्धा गेली नाही. वळणावरचं ते बघणं पोरीने आपल्या मनाने घातलं होतं. अहो, तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप!

उतरवण्याआधी तिने फिल्म एकदा चालवून पाहिली. आई वळणावर थांबली, आणि पडदा काळा. बघणं गायब!

मशीन तर म्हणत होतं, काम पूर्ण. चूक कुठेच दाखवत नव्हतं.

"काका, माझा शेवटच गायब झालाय हो!" ती शेजारच्या खोलीतल्या लॅबवाल्या काकांकडे धावली.

"रडू नकोस आधी." काका चष्मा सावरत आले. फिल्मचं प्रत्येक चित्र मशीन एकेक करून तयार करतं, आणि ते नंबर घातलेली वेगळी फाइल असते. ती यादी त्यांनी खालपर्यंत सरकवली. "फाइली आहेत की सगळ्या. पण या शेवटच्या दोन सेकंदांच्या बघ, आकार शून्य. नुसती नावं. दुसरं मशीन लावलं होतंस?"

"कोपऱ्यातलं. शेवटचा शॉट त्याला दिला होता, लवकर व्हावं म्हणून."

"त्याला कुठला झेपतोय! बाई, मशीन चित्र हातात घेतं ना, तेव्हा आधी त्या नंबरची रिकामी फाइल टाकतं. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतो, तसं. मेमरी कमी पडली, ते कोसळलं, आपोआप पुन्हा सुरू झालं. रुमाल पाहून पुढच्या चित्रावर गेलं, तिथेही कोसळलं. असं शेवटपर्यंत. मग तुझं मशीन आलं. असलेल्या फाइली वगळ, असं तूच सांगितलेलंस. त्याने रुमाल पाहिले आणि म्हणालं, झालंय सगळं. फिल्म जोडताना रिकाम्या फाइली गळाल्या."

"मी फक्त फाइली मोजल्या... भरल्यात का ते पाहिलंच नाही."

"सगळेच मोजतात. रिकाम्या उडव, तुझ्या एकटीच्या मशीनवर लाव. पहाटेपर्यंत होईल." काकांनी कोपऱ्यातल्या मशीनची वायर काढली, गुंडाळून खिशात घातली आणि शेजारी जाऊन पडले.

चिंगी बसली. एका चित्राला तीन-तीन मिनिटं. पंख्यांची घरघर, तापलेल्या धुळीचा वास, बाहेर गुडुप अंधार. पहिलं चित्र भरलं. दुसरं घ्यायला मशीन गेलं, तर त्या नंबरची रिकामी फाइल आधीच तिथे...

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. पडदा काळा. मशीनच्या मागे वायरच नव्हती.

ती रिकामी फाइल आपोआप भरली. तिचं मशीन तिसरं चित्र करू लागलं, तोवर चौथ्यावर कुणीतरी जागा धरलेली. एक हिचं, एक त्याचं... भीती वाटलीच तिला. पण खरं सांगू, त्या रात्री एवढी सोबत तिला दुसऱ्या कुणीच केली नव्हती. धुळीच्या वासात आता कपड्यांच्या साबणाचा वास मिसळला होता. आईच्या हातांना यायचा, तसा.

पहाटे शेवटचा नंबर भरला. तिने प्रत्येक फाइलचा आकार तपासला, फिल्म जोडली, चालवली. आईने मान वळवली, वर पाहिलं आणि गेली. एक चित्रही गळालेलं नव्हतं. पेनड्राइव्ह भरला. वर्ष वाचलं! चिंगी हमसून हमसून रडली.

डोळे पुसून पाहते तर यादी वाढलेली. शेवटच्या नंबरच्या पुढचे नंबर... हे तिने सांगितलेच नव्हते. तिचं मशीन तर केव्हाच थांबलं होतं.

तिने पहिलं उघडलं. तोच जिना, तेच वळण. खालून एक हात कठड्यावर. पुढचं. आई जिना चढत होती. पिशवी नव्हती. पुढचं... पुढचं... थकलेली, पण हसरी, डाव्या भुवईवर एक बारीक व्रण. तो व्रण चिंगीने काढलाच नव्हता. आत्ता पाहीपर्यंत तिला तो आठवतही नव्हता. शेवटच्या चित्रात आईचा पदर कॅमेऱ्याला घासून बाहेर गेला होता. मागे नुसता जिना.

"झालं का गं?" शेजारून काकांचा झोपाळू आवाज.

"झालं, काका..."

"मग घरी जा. आणि कुणाशी बोलत होतीस?"

चिंगीच्या खुर्चीची पाठ कुणीतरी हलकेच धरली होती. ती वळली नाही. "आई," ती पुटपुटली, "घाई नाहीये ना आज?"

यादीत एक नवा नंबर आला. आकार शून्य.